डायबोरेन: हायड्रोजनकडे एकच इलेक्ट्रॉन, मग तो दोन बोरॉनना धरतो कसा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. लेक अकरावीला आहे, सध्या तेराव्या गटाचा धडा चालू आहे. मी स्वतः बीएस्सी केमिस्ट्री, पण त्याला आता बावीस वर्षं झाली आणि मधल्या काळात केमिस्ट्रीचा संबंध फक्त खायच्या सोड्याशी आला. काल रात्री तिने डायबोरेनचं, म्हणजे दोन बोरॉन आणि सहा हायड्रोजनच्या B2H6 चं, चित्र दाखवून विचारलं, आई, हायड्रोजनला एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो एकच बाँड करतो असं आठवीपासून शिकवलंय, मग इथे मधले दोन हायड्रोजन दोन-दोन बोरॉनला कसे काय चिकटलेत? मी म्हटलं त्याला थ्री सेंटर टू इलेक्ट्रॉन बाँड म्हणतात. ती म्हणाली ते नाव झालं, कारण सांग. आणि मला सांगता आलं नाही. क्लासच्या सरांनी "हे अपवादात्मक आहे, पाठ करा" म्हणून सोडून दिलंय, ते तिला पटत नाहीये आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

दुसरा प्रश्न माझा. मिथेन, अमोनिया, पाणी, सगळे हायड्राइड सरळ वागतात. बोरॉनलाच काय झालं? BH3 म्हणून गप्प का बसत नाही तो?

सह्यकडा

ताई, सोपं आहे. हा हायड्रोजन बाँडचाच प्रकार आहे. पाण्यात कसा एक हायड्रोजन दोन ऑक्सिजनच्या मधे असतो तसाच इथे दोन बोरॉनच्या मधे. बोरॉनकडे इलेक्ट्रॉन कमी असल्यामुळे तो शेजारच्या रेणूतल्या हायड्रोजनकडून उसने घेतो. आम्हाला कॉलेजात असंच सांगितलं होतं, लक्षात ठेवायला बरं पडतं.

मूलद्रव्य_पाच

सह्यकडा, बोरॉन इलेक्ट्रॉन उसने घेतो हे बरंचसं बरोबर आहे तुमचं, हायड्रोजन बाँडचं नाही. पाण्यातल्या हायड्रोजन बाँडला पलीकडच्या ऑक्सिजनवर बाँडमधे न अडकलेली जोडी, लोन पेअर, लागते. बोरॉनकडे ती नाहीच, उलट त्याच्याकडे रिकामी जागा आहे. शिवाय पाण्यात तो हायड्रोजन एका ऑक्सिजनच्या जवळ आणि दुसऱ्यापासून बराच लांब असतो, डायबोरेनमधे तो अगदी मधोमध, दोन्हीकडे १.३३ अँगस्ट्रॉम. ताकदीतही फरक आहे. पाण्यातला हायड्रोजन बाँड वीसेक किलोज्यूलचा, आणि दोन BH3 एकत्र आले की सुटणारी ऊर्जा साधारण दीडशे किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे मधल्या हायड्रोजनच्या प्रत्येक पुलामागे पंचाहत्तर जास्तीचे.

कृष्णाकाठ, लेकीला आधी मोजायला लावा, पाठ करायला नको. बोरॉनचे बाहेरचे इलेक्ट्रॉन तीन, दोन बोरॉनचे सहा, सहा हायड्रोजनचे सहा, एकूण बारा. आता इथेनचे मोजा, कार्बनचे चार-चार आठ आणि हायड्रोजनचे सहा, चौदा. इथेनमधे सात रेघा, सात दुणे चौदा, हिशेब बसला. डायबोरेन इथेनसारखा काढायला गेलात तर सात रेघांना चौदा लागतात आणि आहेत बारा. पुस्तकातल्या पुलाच्या चित्रात तर आठ रेघा दिसतात, त्याला सोळा लागले असते. म्हणून मुलं गोंधळतात, कारण त्या चित्रातल्या सगळ्या रेघा एका किमतीच्या नाहीयेत.

टोकाचे चार हायड्रोजन साधे आहेत, प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन, आठ गेले. उरले चार आणि पूल दोन, म्हणजे एका पुलाला दोन. दोन इलेक्ट्रॉन, पण पसरलेले तिघांवर, बोरॉन-हायड्रोजन-बोरॉन. हायड्रोजनने दोन बाँड केलेच नाहीत, तो एकाच बाँडमधे आहे, फक्त त्या बाँडला मालक तीन आहेत.

कृष्णाकाठ

हे समजलं, पण ती लगेच विचारणार की दोनच इलेक्ट्रॉन तिघांना कसे पुरतात. एक पोळी तिघांत वाटली तर कोणाचंच पोट भरत नाही.

मूलद्रव्य_पाच

पोळीची उपमा इथे फसते. पोळीचा तुकडा एकाने खाल्ला की दुसऱ्याला मिळत नाही, बाँडमधली जोडी मात्र एकाच वेळी सगळ्यांच्या खात्यात धरली जाते. मिथेनमधे कार्बनचे आठ मोजताना आपण हायड्रोजनकडचेही मोजतोच ना, तसंच. एका बोरॉनभोवती मोजून बघा, टोकाच्या दोन जोड्या आणि पुलांच्या दोन जोड्या, झाले आठ. दुसऱ्या बोरॉनचेही आठ. पुलातल्या हायड्रोजनभोवती दोन. सगळ्यांची घरं भरलेली.

आता हे कसं जमतं ते ऑर्बिटलच्या भाषेत. पुलाच्या जागी तीन ऑर्बिटल एकमेकांवर येतात, दोन बोरॉनचं प्रत्येकी एक, आणि हायड्रोजनचं एकमेव गोल ऑर्बिटल. तीन मिसळली की तीनच नवीन तयार होतात, एक खूप खाली, एक मधे, एक वर. खालचं बाँड घट्ट करणारं, त्यात तिन्ही अणू एका सुरात. मधल्यात हायड्रोजनचा सहभागच नाही, ते बाँडला जवळजवळ ना मदत करतं ना त्रास देतं. वरचं बाँड तोडणारं. आपल्याकडे इलेक्ट्रॉन दोन आणि खालच्या ऑर्बिटलमधे जागाही दोनांचीच. म्हणजे काहीच कमी पडलेलं नाही, जे भरायला हवं ते भरलंय आणि जे रिकामं राहिलेलं चालतं तेच रिकामं आहे. इलेक्ट्रॉन-डेफिशियंट हा शब्द रेघांच्या हिशेबातून आलाय. दोन अणूंमधे एक रेघ असा आग्रह धरला तर तुटवडा दिसतो, रेणूला स्वतःला तो जाणवत नाही.

याचं सगळ्यात साधं उदाहरण बोरॉनचं नाहीच. H3+ नावाचा आयन आहे, तीन प्रोटॉन समभुज त्रिकोणात आणि सगळ्यांत मिळून दोन इलेक्ट्रॉन. तोही टिकतो, अंतराळातल्या ढगांत सापडलाय.

दवबिंदू_७९

छान चाललंय. माझा एक प्रत्यक्षातला अनुभव, कदाचित विषयाला धरून असेल. मी औषधांच्या मध्यवर्ती रसायनांच्या प्लांटमधे आहे, आम्ही बोरेन-टीएचएफचं, म्हणजे टीएचएफ या द्रावकातल्या BH3 चं, १ मोलर द्रावण वापरतो, अमाइड रिडक्शनला. मागच्या उन्हाळ्यात एक बॅच अर्ध्यावर अडकली, टीएलसी चाचणीत कच्च्या मालाचा ठिपका जायलाच तयार नाही. बाटली जवळपास दोन आठवडे कोल्ड रूमच्या बाहेर राहिली होती असं नंतर कळलं. मला तेव्हापासून वाटतं की त्यातलं BH3 जोडीजोडीने चिकटून डायबोरेन झालं आणि म्हणून ताकद गेली. बरोबर आहे का?

मूलद्रव्य_पाच

दवबिंदू, विषयाला धरूनच आहे, पण निदान दुसरं निघेल. टीएचएफमधे BH3 एकटं नसतंच, टीएचएफच्या ऑक्सिजनवरची जोडी बोरॉनच्या रिकाम्या ऑर्बिटलमधे बसलेली असते. बोरॉनचे आठ पुरे झाले की त्याला पुलाची गरज उरत नाही. डायबोरेन वायू टीएचएफमधे सोडला तर तो उलट फुटून दोन BH3·THF बनतात. थोडाफार डायबोरेन बाटलीच्या वरच्या मोकळ्या जागेत असतो, म्हणून झाकण टोचताना जपायचं, पण ताकद जायचं मुख्य कारण तो नाही. गरम जागेत बोरेन टीएचएफची रिंगच फोडतं, ब्युटॉक्सी गट बोरॉनवर जाऊन बसतो आणि त्यात हायड्राइड खर्च होतो. तुमची बाटली अशीच मेली असणार.

तपासायचं असेल तर पाण्याशी किती हायड्रोजन सुटतो ते मोजा. एका BH3 मागे तीन H2. एक मोलरच्या १ मिलीत १ मिलीमोल BH3, म्हणजे ३ मिलीमोल वायू, खोलीच्या तापमानाला सत्तर-पंचाहत्तर मिली. पन्नासच आला तर दोन तृतीयांश माल शिल्लक आहे असं समजा.

दवबिंदू_७९

धन्यवाद. आम्ही तेव्हा मोजलंच नाही, नुसतं आणखी रिएजंट ओतत गेलो, ती चूक. आता गॅस ब्युरेट बसवून घेतो.

पानगळ

मला इतिहासाची बाजू लिहाविशी वाटते कारण ती लेकीला आवडेल. डायबोरेन जर्मनीत आल्फ्रेड स्टॉकने १९१२ च्या सुमारास वेगळं केलं, हवेत पेटणारे वायू हाताळायला त्याने काचेची व्हॅक्यूम लाइन तयार केली आणि तिच्यातल्या पाऱ्याने त्याला स्वतःलाच विषबाधा झाली. पुलाची कल्पना डिल्थी नावाच्या माणसाने १९२१ मधेच मांडली होती पण कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पॉलिंगसारखा माणूससुद्धा इथेनसारख्या आकाराच्या बाजूने होता, एकेका इलेक्ट्रॉनचे बाँड आलटून पालटून होतात असं त्याचं म्हणणं. मग १९४३ मधे ऑक्सफर्डला लाँगेट-हिगिन्स, तेव्हा अजून पदवीचाच विद्यार्थी, त्याने आपल्या शिक्षकाबरोबर, म्हणजे बेल यांच्याबरोबर, पुलाची रचना पुन्हा मांडली आणि तिच्यावरून काय काय दिसायला हवं ते सांगितलं. इन्फ्रारेडने ते पटलं आणि १९५१ मधे हेडबर्ग आणि शोमाकर यांनी इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनने अंतरं मोजून वाद मिटवला. तीसेक वर्षं हुशार लोक चुकीच्या चित्राला धरून होते.

सह्यकडा

हायड्रोजन बाँडचं मी मागे घेतो. पण पानगळ, चित्र चुकीचं आहे हे त्या लोकांना प्रयोगावरून आधी कळायला नको होतं का? सहा हायड्रोजन सारखे नाहीत हे कुठल्याही साध्या रिअ‍ॅक्शनमधे दिसलं असतं.

पानगळ

दिसलं होतं! शिकागोला श्लेसिंगरच्या लॅबमधे तीसच्या दशकात डायबोरेनमधे एकेक हायड्रोजन काढून मिथाइल बसवत गेले. एक बसलं, दोन, तीन, चार बसले. आणि चारवर गाडी थांबली. इथेनसारखं असतं तर सहाही बदलता यायला हवे होते, इथे पाचवं बसवायला गेलं की रेणूच तुटून ट्रायमिथाइलबोरेन वेगळं होतं. चार मिथाइलवाल्याला पाण्यात टाकलं की प्रत्येक बोरॉनवर दोन-दोन मिथाइल टिकलेले सापडतात, कुठेही तीन नाहीत. म्हणजे चार हायड्रोजन एका जातीचे, दोन वेगळ्या जातीचे, आणि ते दोन गेले की जोडणी गेली. माझ्या मते हाच सगळ्यात सुंदर पुरावा, यात कुठलंही मोठं यंत्र नाही.

मूलद्रव्य_पाच

अगदी. इन्फ्रारेडमधे तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. टोकाच्या B-H चे पट्टे २५०० ते २६०० प्रति सेंटीमीटरच्या दरम्यान, पुलाचा एक जोरदार पट्टा १६०० च्या आसपास. पुलातला हायड्रोजन प्रत्येक बाजूने अर्ध्या बाँडने धरलाय, स्प्रिंग ढिली, म्हणून कंपन खाली. अंतरातही तेच, टोकाचं B-H १.१९ आणि पुलाचं १.३३.

लेकीला एक छोटी आकडेमोड द्या. पुलाचा B-H १.३३ आणि हायड्रोजनवरचा कोन साधारण ८३ अंश. कोनाचा अर्धा केला, साडेएकेचाळीस, त्याचा साइन ०.६६, गुणिले १.३३, गुणिले दोन. बोरॉन-बोरॉन अंतर निघतं १.७६, आणि मोजलेलं आहे १.७७. पूल सरळ रेषेत असता तर हेच २.६६ झालं असतं. म्हणजे हे तिघं चांगलेच वाकलेत आणि दोन बोरॉन एकमेकांच्या बरेच जवळ आलेत.

कृष्णाकाठ

मंडळी, काल संध्याकाळी आम्ही कणकेचे गोळे आणि काड्यापेटीच्या काड्या घेऊन मॉडेल केलं. पहिल्यांदा तिने सहाही हायड्रोजन ओट्यावर सपाट ठेवले, पुस्तकातल्या चित्रासारखे, आणि ते इतकं गर्दीचं झालं की मधले दोन गोळे टोकाच्यांना चिकटायला लागले. मग तिने स्वतःच मधले दोन वेगळे केले, एक ओट्यापासून उचलून वर आणि एक खाली, त्यासाठी बोरॉनचे गोळे दोन वाट्यांवर ठेवावे लागले. टोकाचे चार सपाट राहिले. मग लक्षात आलं की कागदावर पुलाचे हायड्रोजन आपण एकाच सपाट आकृतीत काढतो म्हणून तो सगळा गोंधळ.

आता माझा दुसरा प्रश्न राहिला. बाकीचे हायड्राइड असं का करत नाहीत?

मूलद्रव्य_पाच

ओट्यावरचं मॉडेल अगदी बरोबर आहे, टोकाच्या चौघांचं प्रतल आणि पुलांचं प्रतल एकमेकांना काटकोनात असतात.

हायड्राइडचं बघताना एकच प्रश्न विचारायचा, त्या अणूकडे वापरायची ऑर्बिटल किती आणि इलेक्ट्रॉन किती. या ओळीतल्या सगळ्यांकडे ऑर्बिटल चारच. कार्बनकडे इलेक्ट्रॉनही चार, चार हायड्रोजन आले की चारही ऑर्बिटल बाँडमधे गुंतली, रिकामं काही नाही, शिल्लक जोडी नाही, म्हणून मिथेन कोणाकडेच जात नाही. नायट्रोजनकडे पाच, तीन बाँड झाले आणि एक जोडी उरली, अमोनियाला देता येतं पण घ्यायला जागा नाही. ऑक्सिजनकडे दोन जोड्या उरल्या. बोरॉनकडे इलेक्ट्रॉन तीन, तीन बाँड झाले आणि चौथं ऑर्बिटल मोकळं. त्याला बाहेरून जोडी हवी, आणि शेजारी दुसऱ्या BH3 शिवाय कोणी नसेल तर जोड्या फक्त B-H बाँडमधेच सापडतात. मग एकाची B-H जोडी दुसऱ्याच्या रिकाम्या जागेत झुकते, दुसऱ्याची पहिल्याच्या. दोन्हीकडून एकेक, म्हणून पूल दोन.

त्याला जोडी दिली की तो सुधारतो हे BH4- मधे दिसतं. आठ इलेक्ट्रॉन, चार सारखे बाँड, मिथेनसारखा चतुष्फलक, पुलाचं नाव नाही. सोडियम बोरोहायड्राइड बाटलीत पांढऱ्या पुडीसारखं शांत बसतं आणि डायबोरेन हवेत पेटतं.

दवबिंदू_७९

मग BF3 पूल का करत नाही? त्यालाही बोरॉनच आहे आणि तीनच बाँड. आमच्याकडे ते ईथरला जोडलेलं, ईथरेट म्हणून येतं, पण नुसता वायूही एकेकटाच असतो.

मूलद्रव्य_पाच

चांगला मुद्दा. फ्लोरिनकडे स्वतःच्या जोड्या आहेत, त्यातली थोडी थोडी तो घरातल्या घरातच बोरॉनच्या रिकाम्या ऑर्बिटलकडे सरकवतो. भूक अर्धवट भागली की बाहेर जायची निकड कमी. हायड्रोजनकडे द्यायला जादा काहीच नाही, म्हणून BH3 ला बाहेरच बघावं लागतं. इथे एक सावधगिरी, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडही जोडीने असतं आणि त्याचं चित्र डायबोरेनसारखंच दिसतं, पण तिथे पुलातला क्लोरिन आपली लोन पेअर देतो, म्हणजे पुलात पुरेसे इलेक्ट्रॉन आहेत. चित्र एक, हिशेब वेगळा. परीक्षेत दोन्ही एकाच खणात टाकणारे खूप.

पूल फक्त बोरॉनचाच असंही नाही. बेरिलियमकडे दोनच इलेक्ट्रॉन, त्याचं हायड्राइड घन अवस्थेत अशाच पुलांनी दूरवर जोडत जातं. अ‍ॅल्युमिनियमचंही तसंच, मोठा अणू असल्यामुळे भोवती सहा हायड्रोजन घेऊन बसतो. बोरॉन लहान, म्हणून दोन बोरॉनच्या जोडीवर थांबतो.

सह्यकडा

मग ट्रायमिथाइल अ‍ॅल्युमिनियम जोडी करतं आणि ट्रायमिथाइलबोरेन करत नाही, पानगळांनी वर लिहिलं तसं ते वेगळंच राहतं. तेही फक्त आकारामुळे का?

मूलद्रव्य_पाच

आकार हे एक कारण नक्की, दोन छोट्या बोरॉनभोवती सहा मिथाइल आणि त्यातले दोन पुलात, खूप दाटी होते. पण मिथाइलचे C-H बाँडही रिकाम्या जागेला थोडा आधार देतात, आणि कार्बनचं ऑर्बिटल हायड्रोजनसारखं गोल नसून एका दिशेला रोखलेलं असतं, त्याला एकाच वेळी दोघांकडे वळणं कठीण जातं. यातलं किती कशाचं हे मी छातीठोक सांगणार नाही.

पानगळ

माझी एक शंका उरते. बोरॉन-बोरॉन १.७७, आणि B2F4 सारख्या रेणूंत साधा B-B बाँड १.७२ च्या आसपास असतो. इतकं जवळ असून त्यांच्यात बाँड नाही असं कसं म्हणायचं? पिट्झर या रसायनशास्त्रज्ञाने तर १९४५ मधे हे चित्र उलटं केलं होतं. B2H4 वर दोन जादा इलेक्ट्रॉन ठेवले तर ते इथिलीनसारखं होतं, आणि पुलाचे दोन हायड्रोजन म्हणजे त्या डबल बाँडच्या ढगात वरून आणि खालून बसवलेले दोन प्रोटॉन. त्या चित्रात बोरॉन-बोरॉनमधे काहीतरी असायलाच हवं.

मूलद्रव्य_पाच

पिट्झरचं चित्र मला फार आवडतं, मोजदाद अगदी जुळते आणि हायड्रोजन वर-खाली का आहेत हेही त्यातून आपोआप येतं. पण इलेक्ट्रॉनची घनता गणिताने काढली तर ती बोरॉनकडून हायड्रोजनकडे जाणाऱ्या वाकड्या वाटांवर साठलेली दिसते, बोरॉन ते बोरॉन थेट वाट सापडत नाही. पिट्झरच्या मते ते प्रोटॉन म्हणजे धन असायला हवेत, आणि पाण्याशी वागताना मात्र डायबोरेन हायड्राइडसारखं वागतं, सहाही हायड्रोजन H2 होऊन निघतात. उलट डेकाबोरेनसारख्या मोठ्या बोरेनमधे पुलातला हायड्रोजन खरोखर आम्लासारखा सुटतो. म्हणून मी थेट बाँड नाही असं म्हणतो, तुम्ही थोडासा आहे म्हणालात तर तुम्हाला खोडून काढायला माझ्याकडे पुरेसं नाही.

पानगळ

मी थोडासा आहे याच बाजूला राहतो.

कृष्णाकाठ

लेकीला सगळं वाचून दाखवलं. तिने वहीत आठ रेघांचं चित्र खोडलं आणि पुलाच्या जागी प्रत्येकी एक वाकडी रेघ काढली, बोरॉनपासून निघून हायड्रोजनवरून दुसऱ्या बोरॉनपर्यंत जाणारी, आणि शेजारी लिहिलं २ इलेक्ट्रॉन. सहा रेघा, बारा इलेक्ट्रॉन. आता ती विचारतेय की फक्त एकच पूल असलेला रेणू असतो का.

मूलद्रव्य_पाच

असतो! B2H7-. एक BH4- आणि एक BH3, मधे एकच हायड्रोजन. तिला त्याचे इलेक्ट्रॉन मोजायला सांगा, ऋण भाराचा एक धरायला विसरू नका म्हणावं.